क्लिक झाला तरच पैसे!

गावात रविवारी काही कार्यक्रम आहे, लोकांना नुसतं कळवायचं आहे आणि मोबाइलवर जाहिरात द्यायला खिशात सहा हजार रुपये आहेत? मग माझ्यासारखंच करा. जाहिरातवाला पोरगा विचारेल, "काका, हजार वेळा दिसण्यामागे पैसे देणार, की क्लिकमागे?" ताठ मानेनं सांगा, "क्लिकमागे." सांगलीत भडंगसुद्धा आपण चाखून बघितल्याशिवाय घेत नाही!

आमचं मोफत मोतीबिंदू तपासणी शिबिर होतं विश्रामबागेत. चित्रावर सगळं ठळक लिहिलं: रविवार, सकाळी 9 ते 1, शाळेचं नाव, सोबत काय आणायचं. वाचलं की काम झालं, दाबायची गरजच नाही. माझा हिशेब असा, की लोक वाचतील, दाबणार नाहीत, आणि पैसे वाचतील. फुकटात प्रसिद्धी. या हुशारीबद्दल मी घरी दोन वेळा चहा मागून घेतला.

चार दिवसांत जाहिरात 9,000 वेळा दिसली, 18 क्लिक झाले, सहा रुपयांप्रमाणे 108 रुपये गेले. मी खूश. पाचव्या दिवशी जाहिरात जवळजवळ थांबलीच.

का थांबली ते पोराला विचारू नका, त्याला माहीत नसतं. मी सांगतो. मोबाइलवरची जागा कुणाला द्यायची हे ठरवताना जाहिराती लावणारं यंत्र तुमचा क्लिकचा भाव धरतं आणि हजारात किती जण दाबतील त्या अंदाजानं गुणतं. माझे हजारात दोन, भाव सहा, म्हणजे हजार वेळा दाखवून त्याच्या हाती 12 रुपये. शेजारचा साडीवाला त्याच हजाराला 60 देतोय. मग विश्रामबागेतल्या माणसाला संध्याकाळी सातला साडी दिसणार आणि माझा मोतीबिंदू रात्री दीडला, उरलेल्या जागेत. फुकट दिसण्याची सोय त्यांनी ठेवलेलीच नाही. आपल्यालाच तेवढी अक्कल आहे असं वाटत होतं मला.

आता पुढची पायरी नीट पाळा: जाहिरात "सुधारून" घ्या. पोरानं तारीख काढली, वेळ काढली, शाळा काढली. उरला एक लालभडक डोळा आणि "तुम्हालाही हे लक्षण आहे का? इथे दाबा". का, तर सगळं चित्रावरच कळलं तर कोण दाबणार? बरोबरच आहे की! लोकांना कळू नये म्हणून आपण जाहिरात देतोय!

आणि क्लिक आले हो. उरलेल्या 5,892 रुपयांत 982. हजारात सोळा जण दाबत होते, म्हणजे हजारामागे मला 96 रुपये पडले. त्याच पैशात हजार वेळा दिसण्याला 60 च्या भावानं तारखेसकट मूळ जाहिरात 98,000 वेळा दिसली असती. एका माणसाला चारदाच दाखवा अशी मर्यादा घातली असती, तर साधारण साडेचोवीस हजार माणसं. मला मिळाली जेमतेम 61,000 दर्शनं, आणि त्यात शिबिर कधी आहे तेच नाही.

ठिकाणाच्या सेटिंगला हात लावू नका. `Presence or interest` असंच राहू द्या, म्हणजे सांगलीत "रस" असलेला हिंजवडीतला भाचाही तुमच्या पैशानं दाबेल.

क्लिक कुठून आले हे तर मुळीच बघू नका. मी बघितलं. निम्म्याहून जास्त टॉर्चच्या आणि पोरांच्या गेमच्या अ‍ॅपमधून. जाहिरात बंद करायला गेलेला अंगठा. पान उघडून दोन सेकंदांत परत. त्या अंगठ्याचे सहा रुपये मी दिले.

शिबिराला 41 जण आले. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला विचारलं, कुठून कळलं? 27 जण म्हणाले रिक्षाचा भोंगा, 9 जणांना पाहुण्यांनी सांगितलं, मोबाइलवर बघून आले 5. भोंग्याला आपण दिवसाचे पैसे देतो. किती जणांनी रिक्षाला हात लावला असं कधी विचारलंय?

आणि वर पोराचा रंगीत अहवाल: "सर, 982 क्लिक, एकदम भारी रिझल्ट." अरे बाबा, मला क्लिक नको होते! नावनोंदणी करून घ्यायची असती, दुकानाच्या पानावरून काही विकायचं असतं, तर क्लिकला पैसे दिले असते. मला म्हातारी माणसं रविवारी नऊ वाजता दारात हवी होती. हजारी दरातही खोट आहे, निम्मा बॅनर एक सेकंद दिसला तरी तो मोजला जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून अक्षरं मोठी ठेवायची, तारीख वर घ्यायची. ती काढून टाकायची नाही! आणि आमच्या मंडळींनो, त्या अहवालावर "अभिनंदन" लिहून अंगठे टाकलेत ना ग्रुपवर? तेही क्लिकच. खुर्च्या साठ मांडल्या होत्या, एकोणीस रिकाम्या होत्या. त्या मीच उचलल्या.