बर्फात बसून स्नायू दुप्पट वेगाने भरत नाहीत

"कडक वर्कआउटनंतर पाय दुखतात कारण स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं. प्रत्येक वर्कआउटनंतर २० मिनिटं बर्फाच्या पाण्यात बसा. ॲसिड निघून जाईल, सूज थांबेल, स्नायू दुप्पट वेगाने भरतील. मग फोम रोलरने गाठी फोडा, जितकं दुखेल तितकं चांगलं. आणि दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर वर्कआउट वाया गेला समजा."

हा मजकूर भाचीने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, बर्फ किती किलो लागेल?" म्हणजे करायचं की नाही हा प्रश्न तिच्यापुरता संपला होता, फक्त सामानाची यादी उरली होती. असले सल्ले मी एरवी वाचून सोडून देतो. पण ही मुलगी वजनं उचलायला लागली ती ताकद वाढावी म्हणून, आणि या मजकुरातला मुख्य सल्ला नेमका तिची ताकद वाढणं मंदावणारा आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी ॲसिडचं. भाची गेली काही वर्षं सायकल चालवते. मोठा चढ जोरात चढताना मांड्या पेटतात, पेडल मारवत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे. लॅक्टिक ॲसिड शरीरात ज्या रूपात असतं ते लॅक्टेट भरपूर तयार होतं ते अशा वेळी. पण चढाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या मांड्या कधी दुखल्या नाहीत. या वेळी तिने शनिवारी संध्याकाळी हातात डंबेल घेऊन लंजेस मारले, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जायचं आणि परत वर यायचं. पहिलीच वेळ, कोणी थांबवलं नाही, म्हणून मारतच राहिली. दम फारसा लागला नाही, मांड्याही चढावर पेटतात तशा पेटल्या नाहीत. रविवारी सकाळी पाय जड झाले आणि सोमवारी खुर्चीत बसताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागला. जिना चढता येत होता, उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी आडवं उतरत होती. लॅक्टेट जास्त तेव्हा दुखणं नाही आणि लॅक्टेट कमी तेव्हा दुखणं, असं असताना दोष ॲसिडला कसा देणार?

हे प्रयोगातही नीट दिसलं आहे. १९८३ साली काही जणांना ४५ मिनिटं ट्रेडमिलवर पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर. सपाटीवर रक्तातलं लॅक्टेट चढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर लॅक्टेट फारसं चढलंच नाही, आणि पुढचे दोन-तीन दिवस पाय चांगलेच भरून आले. शिवाय व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेट मूळ पातळीला येतं. सोमवारी जे दुखतं आहे ते शनिवारच्या रात्रीच संपलेल्या पदार्थामुळे दुखत नाही, आणि जे उरलंच नाही ते बर्फ बाहेर काढू शकत नाही.

दुखण्याचं कारण स्नायू कशा प्रकारे कामाला लागला यात आहे. लंजमध्ये खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी ताणला जात असतो. उतारावर धावताना, जिना उतरताना, वजन सावकाश खाली आणताना हेच होतं. सवय नसेल तर या ताणाने स्नायूतंतूंच्या आतली सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते. मग दुरुस्तीसाठी दाह सुरू होतो, आसपासची मज्जातंतूंची टोकं हळवी होतात, आणि एरवी जाणवलाही नसता असा दाब किंवा ताण दुखायला लागतो. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि मग आपोआप उतरतं. सायकलच्या पेडलवर स्नायू जोर लावताना आखडतो, ताणला जवळजवळ जात नाही, त्यामुळे तिथे हे दुखणं नाही.

आता बर्फ. यात अर्ध सत्य आहे आणि ते मान्य करावं लागेल: थंड पाण्यात बसल्यावर नंतरचं दुखणं कमी जाणवतं. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १७ छोट्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि नुसती विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा थंड पाण्यात बसलेल्यांनी पुढचे चार दिवस कमी दुखत असल्याचं सांगितलं. मात्र आपण बर्फाच्या पाण्यात बसलो की नाही हे कोणापासून लपवता येत नाही, त्यामुळे यात विश्वासाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. ते असो. दुखणं थोडं दबतं, इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती 'स्नायू दुप्पट वेगाने भरतील' याला. हे नुसतं चूक नाही, उलटं आहे. २०१५ मध्ये 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी छापलेला प्रयोग बघा. व्यायामाची सवय असलेल्या २१ पुरुषांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांचा वजनांचा व्यायाम केला. प्रत्येक वेळी व्यायाम संपल्यावर एक गट १० मिनिटं सुमारे १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बसला आणि दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ स्थिर सायकल हलकीशी चालवली. बाकी व्यायाम सारखाच. १२ आठवड्यांनी हलकी सायकल चालवणाऱ्यांचे स्नायूही जास्त वाढले होते आणि ताकदही. जोर लावायला उपयोगी पडणारे जलद तंतू सायकलवाल्यांत जाड झाले, थंड पाण्यात बसलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. स्नायूचा छोटा तुकडा काढून पाहिलं तेव्हा कारणही सापडलं: व्यायामानंतर स्नायू बांधायला लावणारे पेशींतले संदेश आणि दुरुस्तीला धावून येणाऱ्या पेशी, दोन्ही थंड पाण्याने मंदावले होते.

आणि सूज थांबते म्हणाल, तर २०१७ मध्ये यातल्याच काही संशोधकांनी स्नायूच्या आतला दाह मोजला. थंड पाणी आणि हलकी सायकल यांत फरक दिसला नाही. म्हणजे तुम्हाला कमी दुखतं, पण ज्यासाठी बर्फात बसलात तो दाह आत तसाच असतो.

२०१५ च्या प्रयोगाच्या मर्यादाही सांगतो, कारण त्यावर मी बराच भार टाकला आहे. माणसं थोडी, सगळे तरुण पुरुष, आणि थंड पाणी दर वेळी. अधूनमधून एकदा बसल्याने काही महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल असा त्याचा अर्थ नाही. भाचीला मी सांगितलं ते असं: लागोपाठ दोन दिवस सायकलची शर्यत असेल, उद्या पाय हलके वाटणं हेच महत्त्वाचं असेल आणि स्नायू वाढवणं हा त्या दिवसांचा हेतूच नसेल, तर खुशाल बस. वजनांच्या व्यायामानंतर सवय म्हणून बसू नकोस.

बसायचं तर कसं, हेही त्या मजकुरात धोकादायक पद्धतीने सांगितलं आहे. प्रयोगांतलं पाणी बहुतेक वेळा १० ते १५ अंशांचं असतं. बर्फाचे खडे तरंगतच राहतील इतका बर्फ टबात ओतला तर पाणी शून्याच्या आसपास जातं, आणि त्यात २० मिनिटं हा फार मोठा फरक आहे. एकदम थंड पाण्यात उतरल्यावर पहिल्या मिनिटात श्वास धापा टाकल्यासारखा आवरेनासा होतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. ज्याला हृदयाचा त्रास किंवा उच्च रक्तदाब आहे त्याने हे घरच्या घरी करूच नये. बाकीच्यांनी पाण्यात थर्मामीटर ठेवावा, कंबरेपर्यंत सावकाश उतरावं, १० मिनिटांत बाहेर यावं आणि घरात कोणी नसताना बसू नये.

फोम रोलरवर फार शब्द खर्च करत नाही. त्याने थोडं बरं वाटतं, हे खरं. २०१९ मध्ये २१ अभ्यास एकत्र करून पाहिलं तर व्यायामानंतर रोलर फिरवल्याने दुखण्यात सरासरी सहा टक्क्यांचा फरक निघाला. पण तो गाठी फोडत नाही. एका पायावर रोलर फिरवला तर दुसऱ्या, न शिवलेल्या पायाचीही दाब सोसण्याची ताकद काही वेळ वाढते, असं प्रयोगांत दिसलं आहे. फोडलेली गाठ दुसऱ्या पायात कशी जाईल? बदल होतो तो मज्जासंस्था दुखणं किती मानते यात, आणि तो काही वेळाने ओसरतो. म्हणूनच जीव खाऊन दाबायचं कारण नाही. मांडीवर एक-दोन मिनिटं, श्वास रोखावा लागणार नाही इतक्याच जोराने. काळंनिळं पडलं तर आधीच दुखावलेल्या स्नायूला आणखी मार बसला, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटचं वाक्य मात्र बर्फाच्या सल्ल्याइतकंच नुकसान करणारं आहे. आधी दुखणं घालवायला बर्फात बसवायचं आणि मग न दुखलं तर व्यायाम वाया गेला म्हणायचं, यातली विसंगती लिहिणाऱ्याला दिसू नये याचं आश्चर्य वाटतं. नवा व्यायाम एकदा केला की स्नायू त्याला सरावतो, आणि तोच व्यायाम आठवड्या-दोन आठवड्यांनी केला तर दुखणं कितीतरी कमी असतं. हा सराव काही आठवडे टिकतो. म्हणजे न दुखणं ही बऱ्याचदा शरीर जुळवून घेत असल्याची खूण असते. दुखण्यावर सर्वांत खात्रीचा उपायही तोच आहे: पहिल्या दिवशी मोजकंच करायचं. भाचीने पहिल्यांदा वजन न घेता आठ-आठ लंजचे दोनच सेट मारले असते, आठवडाभराने तिसरा सेट जोडला असता आणि मग डंबेल उचलले असते, तर सोमवारचा जिना तिला जाणवलाही नसता. आता ती दुखणं ओसरेपर्यंत चालते आहे, हलकी सायकल फिरवते आहे, आणि पुढच्या वेळी निम्म्यावरून सुरुवात करणार आहे.

दुखण्याच्या मागे लागलेली माणसं एक गोष्ट हमखास अंगावर काढतात, म्हणून ती स्पष्ट लिहितो. अतिव्यायामाने स्नायूपेशी मोठ्या प्रमाणात फुटल्या तर त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी करू शकतात. लघवी गडद तपकिरी झाली, मांडी किंवा दंड टणक सुजला, हातपाय उचलवेनासे झाले, किंवा तिसऱ्या दिवसानंतर दुखणं उतरायच्या ऐवजी वाढत गेलं, तर त्याला नेहमीचं भरून येणं समजू नका. तेव्हा बर्फ नको, रोलर नको, दुखणं मारणाऱ्या गोळ्याही आपल्या मनाने नकोत. त्याच दिवशी रुग्णालयात जा, कोणता व्यायाम किती केला ते डॉक्टरांना सांगा, आणि स्नायूपेशी फुटल्या की रक्तात वाढणारं क्रिएटिन कायनेज तपासायचं का, ते विचारा.