भाच्याचं यंत्र आणि माझा भांग

लिफ्ट खच्चून भरलेली असताना चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या खांद्यावरून एक लांबलचक केस उचलला, चिमटीत धरून दिव्यासमोर नेला, सगळ्यांना नीट दिसेल असा फिरवला आणि जाहीर केलं, "पाणी!"

तोवर काकूंना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. मी नवीन भाडेकरू, एवढीच काय ती ओळख. पण माझ्या डोक्याचं निदान झालं होतं आणि लिफ्टमधल्या एका गृहस्थांनी मान डोलावून त्याला अनुमोदनही दिलं होतं. तळमजला आला तेव्हा काकूंनी तो केस मला परत दिला. मी तो घेतला. का घेतला, कुणास ठाऊक. हातात स्वतःचा केस घेऊन रस्त्यावर उभं राहणं किती विचित्र असतं, हे त्या दिवशी कळलं.

केस गळत होते हे खरं. नहाणीच्या जाळीवर रोज एक छोटं घरटं जमायचं, उशीवर, कंगव्यात, लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये, जिथे बघाल तिथे मीच. शहर बदललं मेच्या मध्याला आणि गळती सुरू झाली जूनमध्ये. असा क्रम दिसला की नव्या शहरावर खटला दाखल करायला फार अक्कल लागत नाही. काकूंनी तर थेट निकालच दिला होता. मी फक्त एकदा विचारलं, "काकू, तुमची वेणी तर मनगटाएवढी जाड आहे. आपली टाकी एकच ना?"

"आम्हाला सवय झालीय गं," काकू म्हणाल्या. "तुझं डोकं अजून नवीन आहे."

यावर माणसाने काय बोलायचं? पुढच्या रविवारी मला त्यांच्या घरी बोलावणं आलं. त्यांचा भाचा नळाला आणि शॉवरला लावायचे फिल्टर विकतो, आणि तो "फक्त डेमो" देणार होता.

भाचा टापटिपीत आला. बॅगेतून त्याने दोन पारदर्शक पेले काढले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात "शुद्ध" पाणी. मग एक यंत्र काढलं. त्याला खाली चार धातूच्या कांड्या, दोन या पेल्यात, दोन त्या पेल्यात. बटण दाबलं. शुद्ध पाणी शांत राहिलं. नळाचं पाणी आधी पिवळट झालं, मग तपकिरी, मग त्यावर शेवाळी रंगाचा गाळ तरंगायला लागला. काकूंनी तोंडाला पदर लावला, जसं काही पेल्यात कुणी दगावलंय.

"हे तू डोक्यावर ओततेस!" त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "या कांड्या कशाच्या आहेत?"

"स्पेशल धातू," भाचा म्हणाला.

स्पेशल धातू म्हणजे लोखंड. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. तो गाळ पाण्यातून बाहेर आलेला नसतो, कांडीतून आत गेलेला असतो. "शुद्ध" पाण्यात क्षार जवळपास नसतातच, म्हणून वीज वाहत नाही आणि पेला स्वच्छ राहतो. मी काकूंकडे चिमूटभर मीठ मागितलं, शुद्ध पेल्यात टाकलं आणि म्हटलं, आता दाबा बटण. काही मिनिटांत तोही पेला चहाच्या रंगाचा झाला.

"मीठ टाकल्यावर होणारच!" काकू कडाडल्या. "मीठ वाईटच असतं."

मग माझ्या लक्षात आलं की ते शुद्ध पाणी मुळात स्वयंपाकघरातल्या आरओचं होतं. विकायचा होता तो शॉवरचा फिल्टर, आणि त्याचं पाणी तर अजून कुणी पाहिलंच नव्हतं. काकूंच्या शॉवरला तो लावलेला होता, म्हणून त्यातलं पेलाभर आणलं. भाच्याने खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढून बुडवला. नळाचं पाणी 640, फिल्टरचं पाणी 638.

"आकडा तोच दिसतो," भाचा जराही न डगमगता म्हणाला, "पण आतून क्वालिटी बदलते."

मला त्या मुलाचा राग आला नाही, खरं सांगते. त्याला पोट आहे. राग आला तो त्या 640 चा, कारण त्या आकड्याने मी रात्रभर घाबरून बसले असते. टीडीएस मीटर पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार एका ढिगात मोजतो. त्यातले किती कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे, म्हणजे पाणी किती जड, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी कडकपणाची वेगळी चाचणी असते. शॉवरचा साधा फिल्टर फार तर थोडं क्लोरीन आणि गाळ अडवतो. जडपणा घालवायला सॉफ्टनर लागतो. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात, ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. आणि गंमत म्हणजे सॉफ्टनरच्या पाण्याचा टीडीएससुद्धा जवळपास तेवढाच दाखवतो, कारण एक क्षार जाऊन दुसरा आलेला असतो. म्हणजे भाच्याचा मीटर खोट्यालाही नापास करतो आणि खऱ्यालाही.

आता जड पाणी अगदीच निष्पाप आहे का? नाही. कॅल्शियम केसावर बसतो, केस खरखरीत होतो, शाम्पूला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी शाम्पू ओततो, आणखी चोळतो, गुंता होतो आणि गुंता सोडवताना केस तुटतात. रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस याला जास्त बळी पडतात. कापलेल्या केसांचे नमुने जड पाण्यात ठेवून त्यांची ताकद मोजणारे काही छोटे अभ्यास झाले आहेत. एकात फरक पडला नाही, दुसऱ्यात पडला. पण ते सगळे कापलेल्या केसांवरचे. केस जिवंत असतो तो टाळूच्या आत काही मिलिमीटर खोल, आणि तिथे त्याला रक्त मिळतं. आंघोळीचं पाणी तिथवर पोचत नाही.

म्हणून तुटणं आणि गळणं यांत फरक करावा लागतो आणि तो घरी करता येतो. मी जाळीवरचे केस पांढऱ्या कागदावर पसरले (हे करताना दाराला कडी लावावी) आणि एकेकाचं टोक पाहिलं. बहुतेकांच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढरट गाठ होती, आणि केस पूर्ण लांबीचे होते. म्हणजे ते मुळापासून सुटले होते. पाण्याने तुटले असते तर गाठ नसती आणि तुकडे आखूड-लांब, वेगवेगळ्या मापाचे निघाले असते.

या पांढऱ्या गाठीलाच सगळी कथा माहीत असते. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस. त्यातले दहा टक्क्यांच्या आसपास कधीही पाहा, विश्रांतीवर असतात. ती विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, आणि मग केस पडतो. दहा हजार केस शंभर दिवसांत पडले तर रोजचे शंभर. एवढे सगळ्यांचेच पडतात, काकूंचेही. पण शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपाशीपोटी वजन उतरवणं किंवा जीव खाणारा ताण, तर पुष्कळ केस एकदमच विश्रांतीवर जातात. समजा दहाऐवजी तीस टक्के गेले, तर तीन महिन्यांनी रोज तीनशे. याला डॉक्टर टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. केस रजेचा अर्ज टाकतो आणि तीन महिन्यांनी निघून जातो.

तेव्हा जूनमध्ये पडलेल्या केसांचा हिशेब मार्चमध्ये शोधायचा. मार्चमध्ये मी या शहरात नव्हतेच. मार्चमध्ये मला सणसणीत ताप येऊन गेला होता, आणि तो उतरताच नोटीस, घराचा शोध, खोकी, आणि जेवणाच्या नावाने दिवसाकाठी काहीतरी तोंडात टाकणं. माझे केस जुन्या शहरातच निघायचं ठरवून बसले होते. नव्या शहराच्या नळाखाली त्यांनी फक्त देह ठेवला. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनीही पहिला प्रश्न पाण्याचा नाही विचारला. "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" एवढंच. मग केसांचा एक झुपका बोटांत धरून हळूच ओढला, किती येतात ते पाहिलं, भांग रुंदावलाय का ते पाहिलं (रुंदावत असेल आणि केस बारीक होत असतील तर प्रकरण आनुवंशिक असू शकतं), आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची व थायरॉइडची तपासणी लिहून दिली. फेरिटिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या आल्या.

हवामानाबद्दल एक मान्य करावं लागेल. ऋतूप्रमाणे गळती कमी-जास्त होते. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये चौदा पुरुषांचे गळणारे केस दीड वर्ष मोजले गेले, 1991 मध्ये ते छापून आलं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास रोजचे साठेक केस पडत होते, हिवाळ्याच्या दुपटीहून जास्त. पण ऋतू शहर बदलणाऱ्यांनाही येतो आणि घरी बसणाऱ्यांनाही. नव्या जागी दमट हवेने केस फुगतात, घामामुळे कोंडा वाढू शकतो, किंवा पाण्याच्या भीतीने माणूस केस धुणंच कमी करतो. मग एरवी रोज थोडेथोडे पडणारे केस एका दिवशी एकगठ्ठा हातात येतात आणि आपण किंचाळतो.

मला मनापासून चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते. माणूस घाबरतो तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, खरेदी करतो तेव्हाच, आणि केस थांबायची वेळही तेव्हाच आलेली असते. म्हणजे त्या सुमारास फिल्टर घ्या, तेल घ्या नाहीतर नळाला ताईत बांधा, श्रेय त्यालाच. भाच्याच्या फोनमध्ये शेकडो समाधानी डोक्यांचे फोटो आहेत, आणि ती सगळी माणसं खरंच समाधानी आहेत. वाद कुणाशी घालायचा?

मी काहीच घेतलं नाही. खरखरीतपणासाठी क्षार काढणारा शाम्पू मधूनमधून वापरते, बाकी गोळ्या. आता भांगाजवळ बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिलेत, अँटेनासारखे. काकूंनी ते लगेच पाहिले.

"तुटायला लागले की गं!"

"काकू, हे उगवतायत. टोक बघा, निमुळतं आहे. तुटलेल्याचं बोथट असतं."

त्यांनी चष्मा न लावताच टोक पाहिलं, हळहळल्या आणि म्हणाल्या, "भाच्याकडे तुटणाऱ्या केसांचं सीरमही आलंय. रविवारी ये."