सविनय, सविस्तर, सफोटो

अनोळखी माणसाला ‘आपण मिळून धंदा करू’ असा मेल लिहायचा असेल, तर एक गोष्ट गृहीत धरा: समोरचा माणूस रिकामा बसलाय. त्यातून तो वेंगुर्ल्याकडचा काजू कारखानदार असेल आणि महिना एप्रिलचा असेल, तर विचारूच नका. दारात बीची पोती उतरतायत, काटा चालू आहे, शेतकऱ्याला रोख मोजून द्यायचेत. अशा वेळी फोनवर तुमच्या कंपनीचा इतिहास वाचायला मिळाला की माणूस धन्य होतो. मी परवाच झालो.

विषयाच्या ओळीत कामाचं काही लिहू नका. `Regarding Collaboration Opportunity` उत्तम. फोनवर त्या ओळीचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात, तेव्हा ते असे निवडा की मेल विमावाल्याचा आहे, जीएसटी सल्लागाराचा आहे की लॉटरी लागल्याचा, काही कळू नये.

सुरुवात स्वतःपासून करा, आणि घाई नको. पुण्याच्या एका कंपनीकडून मला आलेल्या मेलमध्ये संस्थापकसाहेबांनी आयटीतली नोकरी सोडल्याचं पहिल्या परिच्छेदात कळतं, का सोडली ते दुसऱ्यात, आणि आईला काय वाटलं ते तिसऱ्यात. आईचं बरोबर होतं असं माझं मत झालं, पण ते कळवायची सोय मेलमध्ये नव्हती.

समोरच्याविषयी एक तरी वाक्य असावं, आणि ते चुकीचं असावं. ‘आपल्या आंबा उत्पादनांच्या दर्जाने आम्ही प्रभावित झालो आहोत.’ आम्ही आंबा विकत नाही. देवगडच्या कुणा बागायतदाराला लिहिलेलं वाक्य तसंच इकडे आलेलं दिसतं. तळकोकण म्हणजे आंबा, एवढा अभ्यास पुष्कळ झाला.

टीमचे फोटो नावानिशी टाका. तुमची मार्केटिंगची इंटर्न कोण हे कळल्याशिवाय आमच्याकडे बी फुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आपल्याला नक्की काय हवंय, ते शेवटी लिहा. अगदी शेवटी. ध्येय, दृष्टी, मूल्यं, पुरस्कार, वर्तमानपत्रात आलेलं कात्रण, आणि मग कुठेतरी मागणी. जमलं तर ती दिसणारच नाही अशी व्यवस्था करा. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापतो आणि खाली `[Message clipped]` लिहून एक लिंक देतो. हे वजन नुसत्या शब्दांचं नसतं, शब्दांमागे दडलेल्या सजावटीच्या कोडचंही असतं. वर्डमधून रंगीत मजकूर उचलून चिकटवला, प्रत्येक ओळीला वेगळा फाँट दिला, खाली रंगीबेरंगी सही जोडली, की १०२ केबी कधी झाले कळतही नाही. मला आलेल्या मेलमध्ये मागणी बरोब्बर त्या कात्रीच्या खाली गेली होती. लिंक दाबून पुढचं उघडावं लागलं. तिथे, ‘परस्पर लाभदायी दीर्घकालीन नातं’ या शब्दांच्या मागे लपलेलं वाक्य सापडलं: दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी सप्टेंबरअखेर २ टन काजूगर, २५० ग्रॅमच्या पाकिटांत, त्यांच्या नावाने भरून. पैसे माल पोचल्यावर ६० दिवसांनी. न विकलेली पाकिटं परत.

आता हे वाक्य जरा उलगडून बघू, कारण लिहिणाऱ्याने ते उलगडलेलं नाही. साधारण चार किलो बीतून एक किलो गर सुटतो. म्हणजे २ टनाला ८ टन बी. ती सप्टेंबरात बाजारात मिळत नाही, आत्ताच घ्यावी लागते, मेअखेरपर्यंत, आणि रोखीने. शेतकरी साठ दिवस थांबत नाही, त्याने का थांबावं? म्हणजे एप्रिलात आमचे पैसे बीत गेले, मग फोडणी, सोलणी, प्रतवारी, पॅकिंग, सप्टेंबरअखेर माल पुण्याला, आणि पैसे नोव्हेंबरअखेर. सात महिने तुमची दिवाळी आमच्या कर्जावर. वर दिवाळी झाल्यावर उरलेली पाकिटं परत येणार, तीही तुमच्या नावाची, म्हणजे मला दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत. फोडायची, गर पुन्हा निवडायचा, हवा लागून नरम पडलेला बाजूला काढायचा आणि पडेल त्या भावाने तुकड्याच्या दरात घालायचा. हे सगळं कुणी सोसायचं? तर मी. आणि त्याआधी आईला काय वाटलं ते मी वाचायचं!

उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी ‘हा मेल तुमच्या इनबॉक्समध्ये पुन्हा वर आणतोय’ असं कळवा. सहाव्या दिवशी परत.

बास झालं. आता सरळ सांगतो.

तुमचा मेल लांब झाला तो भाषा येत नाही म्हणून नाही. आपण समोरच्याला काय देणार हे तुम्ही ठरवलेलंच नाही, आणि जे ठरवलंय ते सांगायची लाज वाटते, म्हणून लांब झाला. अटी बऱ्या असत्या तर पहिल्या ओळीत आल्या असत्या. अख्खा मेल ‘आम्ही, आमचं, आम्हाला’ यानेच भरलाय. ‘तुम्ही’ आलात ते आंब्यापुरते आणि परत येणाऱ्या पाकिटांपुरते. तोच मेल असा लिहिता आला असता:

विषय: दिवाळीसाठी २ टन काजूगर, आमच्या नावाने पॅकिंग, ३० टक्के आगाऊ

नमस्कार. तुमच्याकडे ३२० नंबरचा गर चांगला निघतो असं कुडाळच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं. आम्ही पुण्यात दिवाळीच्या भेटपेट्या विकतो. सप्टेंबरअखेर २ टन गर, २५० ग्रॅमच्या पाकिटांत, आमच्या नावाने भरून हवा आहे. पाकिटं आणि लेबलं आम्ही देऊ. बी खरेदीसाठी ३० टक्के रक्कम आत्ता, उरलेली माल उचलताना. न विकलेला माल आमच्या अंगावर. जमण्यासारखं असेल तर एक किलोचा नमुना आणि दर पाठवाल का? नमुन्याचे पैसे आणि कुरिअर आमच्याकडे.

खाली नाव आणि फोन नंबर. हे उभ्याउभ्या वाचून होतं आणि काट्यावरून न हलता उत्तर देता येतं. आयटीची नोकरी, पुरस्कार, फोटो, सगळं तुमच्या वेबसाइटवर असू दे. नमुना पाठवण्याआधी मी तिथे जाऊन बघणारच आहे, तेवढी अक्कल आम्हालाही आहे.

आणि ३० टक्के आगाऊ द्यायची ऐपत नसेल तर नका देऊ. ६० दिवसांची उधारी आणि परतीचा माल याच तुमच्या अटी असतील तर त्याच लिहा, पण दुसऱ्या ओळीत लिहा, म्हणजे आम्ही दोन मिनिटांत नाही म्हणू आणि तुम्ही दुसऱ्या कारखान्याला विचारायला मोकळे. तुम्ही माझी अर्धी सकाळ खाल्लीत आणि तुमचाही हंगाम घालवताय. सहा दिवस इनबॉक्स वरखाली करण्यापेक्षा एक फोन केला असता तर मी आधी तुमच्या हिशोबात ८ टन बी धरलीय का, एवढंच विचारलं असतं. धरली नसेल तर बसा आणि धरा. मेअखेरपर्यंत बी मिळेल. पाऊस लागल्यावर ओली बी घेऊन तुमच्या पेट्यांसाठी गर कुणी काढणार नाही.