टायटल कापलं जातं ते रुंदीवर

“टायटल टॅग ६० अक्षरांच्या आत ठेवा, गूगल तो कधीच कापणार नाही. मराठीलाही हाच नियम. ६० च्या पुढचं गूगल वाचतच नाही.” हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे.

डेस्कटॉपवर गूगलच्या शोध-निकालांत टायटलला साधारण ६०० पिक्सेल रुंदीची जागा मिळते. हा आकडा गूगलने जाहीर केलेला नाही, लोकांनी मोजून काढलेला आहे. टायटल २० पिक्सेलच्या एरियलमध्ये दिसतं असं धरलं, तर नेहमीच्या इंग्रजी मजकुरात एका अक्षराला सरासरी दहाच्या आसपास पिक्सेल लागतात. ६० आले ते या भागाकारातून. पण एरियलमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते: i साडेचार पिक्सेलची, W जवळजवळ एकोणीसची. Maharashtra आणि MAHARASHTRA, दोन्हींत अक्षरं ११. पहिला सुमारे ११२ पिक्सेल घेतो, दुसरा १५३. म्हणून सगळं कॅपिटलमध्ये लिहिलेलं टायटल पन्नाशीच्या आतही कापलं जातं.

मराठीत तर हा हिशोब पारच कोलमडतो. ‘महाराष्ट्र’ अक्षरं मोजणाऱ्या काउंटरमध्ये टाका, उत्तर १० येतं, कारण तो युनिकोडचे घटक मोजतो. एकट्या ‘ष्ट्र’चे पाच होतात: ष, हलन्त, ट, हलन्त, र. पडद्यावर मात्र ते एकच जोडाक्षर असतं. उकार अक्षराखाली बसतो, त्याला वेगळी रुंदी जवळपास लागतच नाही, तरी मोजणीत तो एक धरला जातो. त्यामुळे काउंटरने लाल दाखवलेलं मराठी टायटल अनेकदा पूर्ण मावतं, आणि आपण उगाच चांगले शब्द छाटून बसतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिवाय एरियलमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर बहुधा निर्मला यूआय आणि अँड्रॉइडवर नोटो फॉन्ट तिची जागा घेतो, म्हणून तेच टायटल दोन यंत्रांवर वेगवेगळी रुंदी घेतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये स्वतः मोजून पाहा:

```js
const c = document.createElement('canvas').getContext('2d');
c.font = '20px Arial';
c.measureText('तुमचं टायटल').width
```

उत्तर साडेपाचशेच्या आत ठेवलं, तर दुसऱ्या यंत्राच्या फॉन्टसाठी थोडी जागा उरते. मोबाइलवर टायटल दुसऱ्या ओळीत जाऊ शकतं, तिथे हा आकडा लावू नका.

आता ‘६० च्या पुढचं गूगल वाचत नाही’ याबद्दल: टायटलच्या लांबीला मर्यादा नाही, दाखवताना ते उपकरणाच्या रुंदीनुसार कापलं जातं, असं गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलं आहे. कात्री लागते ती दाखवण्याला.

आणखी एक गल्लत हमखास होते. शेवटी ‘…’ असेल आणि आधीचे शब्द तुमचेच असतील, तर बहुधा जागा संपलेली असते. शब्दच बदलले असतील, किंवा साइटचं नाव नव्याने जोडलेलं दिसत असेल, तर गूगलने पानावरच्या मुख्य मथळ्यातून किंवा इतर मजकुरातून टायटल नव्याने बनवलेलं असतं. अशा वेळी अक्षरं कमी करून उपयोग नाही. टायटल आणि पानावरचा मुख्य मथळा, म्हणजे h1, एकमेकांशी जुळतात का, ते आधी तपासा.