रिअ‍ॅक्शन व्हिडिओचं शीर्षक आणि वर्णन: एका प्रतिक्रियेला उत्तर

रिअ‍ॅक्शन व्हिडिओचं शीर्षक आणि वर्णन नीट लिहिण्याबद्दलच्या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय:

*“शीर्षक आणि वर्णन ही नुसती रंगरंगोटी आहे. यूट्यूब व्हिडिओ बघतं, मजकूर वाचत नाही. मी प्रत्येक वर्णनात फेअर यूजचा डिस्क्लेमर टाकतो, मूळ चॅनलला क्रेडिट देतो. तरी क्लेम आला, आणि वर ‘रीयूज्ड कंटेंट’ म्हणून मॉनेटायझेशन नाकारलं. तुमचा लेख दिशाभूल करणारा आहे.”*

तुमच्याकडे आलेल्या या दोन नोटिसा दोन वेगळ्या दारांतून आल्या आहेत. कॉपीराइटचा क्लेम येतो यूट्यूबच्या कंटेंट आयडीकडून. मालकाने दिलेल्या फाइलशी तुमच्या व्हिडिओतलं चित्र आणि आवाज ताडून पाहणारी ती यंत्रणा आहे. तिथे शीर्षकात काहीही लिहा, फरक पडत नाही. इतपत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. डिस्क्लेमरही तिथे चालत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातलं फेअर यूजचं कलम 107 असो की आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52, टीका-समीक्षेला दोन्हीकडे जागा आहे. पण ती व्हिडिओत प्रत्यक्ष काय केलंय त्यावर मिळते. क्रेडिट जरूर द्या, पण क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे.

‘रीयूज्ड कंटेंट’, म्हणजे दुसऱ्याचा व्हिडिओ स्वतःची भर न घालता पुन्हा वापरणं, हे प्रकरण निराळं. तो पार्टनर प्रोग्रॅमचा, म्हणजे व्हिडिओंवर कमाई देणाऱ्या यूट्यूबच्या योजनेचा नियम आहे आणि मालकाची परवानगी असली तरी लागू होतो. यूट्यूबने स्वतःच सांगून ठेवलंय की तपासणी करताना चॅनलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले आणि सर्वांत नवे व्हिडिओ, चॅनलबद्दलची माहिती, आणि शीर्षक, थंबनेल, वर्णन हे सगळं बघितलं जातं. म्हणजे मजकूर वाचला जातो. मूळ व्हिडिओवर स्वतः बोललेले रिअ‍ॅक्शन व्हिडिओ चालतात, हेही त्याच नियमात लिहिलेलं आहे. प्रश्न एवढाच, की तुम्ही बोललात हे तपासणाऱ्याला कुठून कळणार?

समजा, साउंड मिक्सिंग करणाऱ्या एकीने सव्वादोन मिनिटांच्या मराठी ट्रेलरवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ केलाय. ट्रेलर जागोजागी थांबवून ती आवाजाबद्दल बोलते. शीर्षक मात्र असं: चित्रपटाचं नाव, पुढे ‘ऑफिशियल ट्रेलर रिअ‍ॅक्शन’, पुढे ‘फुल एचडी’. वर्णनात मूळ चॅनलवरून उचललेली कलाकारांची यादी, थंबनेलवर पोस्टर. काम खरं आहे, पण बाहेरून तो कॉपी करून टाकलेला ट्रेलरच दिसतो.

आता हेच शीर्षक असं करा: ‘या ट्रेलरमधला पाऊस खोटा का वाटतो? साउंड मिक्सिंग करणारीच्या कानांनी’. चित्रपटाचं नाव नंतर येऊ दे. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर त्याआधीच ते कापलं जातं, म्हणून आपला मुद्दा पुढे हवा. वर्णनाचंही तसंच, ‘आणखी’वर टॅप करण्याआधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तिथे कोण बोलतंय आणि काय तपासलंय ते लिहा. मूळ ट्रेलरची लिंक आणि श्रेय त्याखाली. मग चॅप्टर:

```
00:00 कशाकडे कान द्यायचे
01:05 पाऊस दिसतो दूर, ऐकू येतो जवळ
04:20 संवादाखालचं संगीत कुठे कापलंय
07:40 हाच प्रसंग मी कसा मिक्स केला असता
```

पहिली वेळ 00:00 असावी, किमान तीन चॅप्टर चढत्या क्रमाने हवेत आणि प्रत्येक निदान 10 सेकंदांचा, नाहीतर चॅप्टर दिसत नाहीत. मला या चार ओळी सगळ्यात मोलाच्या वाटतात, कारण व्हिडिओ न लावताही बोलणं कुठे आहे ते त्यांतून समजतं. चॅप्टरला नावच देता येत नसेल, तर त्या जागी बहुधा तुम्ही काही बोललेलाच नाहीत. कोपऱ्यात चेहरा ठेवून अख्खा ट्रेलर सलग चालवला असेल तर कुठलाही मजकूर तुम्हाला वाचवणार नाही. उलट, नसलेलं विश्लेषण शीर्षकात लिहिलंत तर ती प्रेक्षकांची फसवणूक झाली, आणि त्यासाठी यूट्यूबचा वेगळा नियम आहे.

टॅग्जवर फार वेळ घालवू नका. त्यांचा उपयोग मुख्यतः नावांच्या चुकीच्या स्पेलिंगपुरता असतो. मूळ चॅनलचं नाव आणि ‘फुल मूव्ही’ तेवढं काढून टाका.

मजकूर कोणाला खेचतोय हे यूट्यूब स्टुडिओत दिसतं. ट्रॅफिक सोर्समध्ये यूट्यूब सर्चचे शब्द बघा, मग प्रेक्षक टिकण्याचा आलेख. लोक नुसतं ‘ट्रेलर’ शोधत आले आणि तुम्ही पहिल्यांदा क्लिप थांबवलीत तिथेच आलेख कोसळला, तर ते मूळ ट्रेलर बघायला आले होते आणि तुमच्या शीर्षकाने तोच मिळेल असं त्यांना वाटू दिलं.

पुन्हा अर्ज करण्याआधी सगळे व्हिडिओ उपसत बसू नका. सर्वाधिक पाहिलेले आणि अगदी नवे आधी घ्या, मग चॅनलची माहिती. तिथे ‘ट्रेलर आणि गाणी’ असं काही असेल तर तुम्ही स्वतः कशाबद्दल बोलता ते दोन वाक्यांत लिहा. नवं शीर्षक आणि पहिल्या दोन ओळी इथे टाकल्यात तर मी वाचून मत देईन.