केसाचा वास आला म्हणून साडी रेशमी होत नाही

"पैठणी खरी की खोटी, एका मिनिटात ओळखा! पदराच्या टोकाचा एक धागा काढून काडी लावा. केस जळल्याचा वास आला तर १०० टक्के शुद्ध रेशीम. गोळी झाली तर प्लास्टिक. तरी शंका वाटली तर ॲसिडात टाका, रेशीम विरघळतं, नायलॉन विरघळत नाही. सगळ्या मैत्रिणींना पाठवा."

आधी वासाचं बघू. तो वास प्रथिनाचा असतो. रेशीम प्रथिन, लोकरही प्रथिन, त्यामुळे दोन्ही जळतात जवळपास सारखीच: ज्योत दिसली की आक्रसतात, रडतखडत पेटतात, काडी दूर नेली की बहुधा विझतात. नाकाला त्यांतला फरक कळत नाही. दोन्ही वेगळी करायची तर धागा पाच टक्के कॉस्टिक सोड्यात उकळून विरघळवतात आणि त्यात लेड ॲसिटेटचे थेंब टाकतात. लोकरीत गंधक असतं, म्हणून द्रावण काळपट होतं. रेशमाचं तसं होत नाही.

पैठणीत लोकर कोण घालणार, असं म्हणाल. बरोबर आहे. पण भेसळ होतेच, आणि तिथे नाक जास्त फसवतं. रेशमात व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा, मिसळलेला असेल तरी केसाचाच वास पुढे येतो, कागदासारखा वास त्याच्यामागे दडतो. वास रेशीम 'आहे' एवढंच सांगतो, 'किती आहे' ते सांगत नाही. तेव्हा ते १०० टक्के गेले.

गोळी तर खऱ्या रेशमाचीही होते! काळी, ठिसूळ, चिमटीत धरली की भुगा. पॉलिस्टरची गोळी गार झाल्यावर नखाने दाबूनही फुटत नाही, आणि जळताना काळा धूर निघतो. (गरम असताना हात लावू नका, वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.) उलट 'आर्ट सिल्क' म्हणून जे व्हिस्कोस विकतात, त्याची गोळी होतच नाही. ते सुतासारखं भरभर जळतं आणि मऊ राखाडी राख उरते. म्हणजे या निरोपाच्या हिशेबाने ते प्लास्टिक नाही म्हणून पास.

ॲसिडाचा सल्ला मात्र सरळ चूक आहे. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात रेशीम विरघळतं हे खरं, पण नायलॉनही विरघळतं. लोकर आणि पॉलिस्टर तशीच राहतात. नायलॉन वेगळं काढायला ८५ टक्के फॉर्मिक आम्ल लागतं: त्यात नायलॉन थंडच विरघळतं, रेशीम आणि पॉलिस्टर नाही. ही दोन्ही आम्लं प्रयोगशाळेतच हाताळायची. संडास धुण्याच्या ॲसिडावर प्रयोग करू नका, ते इतकं तीव्र नसतं, त्यामुळे उत्तरही चुकीचं येईल.

पण या निरोपातला सगळ्यात मोठा घोटाळा 'पदराच्या टोकाचा एक धागा' हा आहे. पदराच्या दशा म्हणजे ताण्याचे, उभे धागे. बाण्याचा आडवा धागा तिथे हाती लागतच नाही. मागच्या वर्षी माझ्या वहिनींनी घेतलेल्या पैठणीचं असंच झालं. दशा जाळली, केसाचा वास आला, घरात आनंदीआनंद. मी साडी उलटी केली, पदर संपतो तिथून सुईने आडवा धागा अर्धा इंच ओढून काढला, जर बाजूला ठेवली. मग दोन काचेच्या वाट्यांत धुण्याचं ताजं क्लोरीन ब्लीच घेतलं, एकीत ताणा, दुसरीत बाणा. ब्लीच जुनं असेल तर त्याचा जोर गेलेला असतो, आणि त्यात ॲसिड चुकूनही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन निघतो.

ताण्यातून बारीक बुडबुडे यायला लागले आणि अर्ध्या तासात वाटीत धागा उरला नाही. ब्लीच प्रथिनाला असंच खातं, सूत, नायलॉन, पॉलिस्टरला नाही. बाणा तासाभरानेही अख्खा होता. तो धुऊन, वाळवून चिमट्यात धरून पेटवला: वितळला, काळा धूर, कडक काळी गोळी. म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टर. दुसऱ्या दिवशी त्याचाच तुकडा आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मिक आम्लात टाकला, तो जसाच्या तसा. पॉलिस्टर.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे निम्मी खरी आहे ना?" हो, उभी खरी, आडवी खोटी.