हातचा एक

आमच्या ऑफिसात सकाळी दहाला बेरीज हवी असेल, तर पहाटे पाचला बॉयलर पेटवावा लागतो. घाई करून चालत नाही. थंड लोखंड एकदम तापवलं की ते कुठे जास्त फुगतं, कुठे कमी, आणि रिबिटांच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागतं. मग बेरीज दुपारी.

मी या ऑफिसात हिशेबनीस आहे. म्हणजे हिशेब यंत्र करतं, मी नुसता नीस.

म्हणतात की १८४२ साली इंग्लंडचं सरकार बॅबेजसाहेबांच्या या आकडेमोडीच्या यंत्राचे पैसे बंद करायला निघालं होतं. ऐन वेळी कुणीतरी सरकारचं मन वळवलं. तो माणूस मला भेटायला हवा होता.

यंत्राबद्दल तक्रार नाही, दिसायला ते देखणंच आहे. पितळी चाकांचे उभे खांब आणि प्रत्येक चाकावर शून्य ते नऊ. त्याला गुणाकार येत नाही, फक्त बेरीज येते, आणि तेवढ्यावर ते मोठमोठी कोष्टकं छापतं. रोज खरं काम सुरू करण्याआधी बॅबेजसाहेब पाहुण्यांना दाखवत तीच चाचणी घ्यायची : क्ष वर्ग अधिक क्ष अधिक ४१. पहिल्या खांबावर ४१ लावायचे, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर २. प्रत्येक फेऱ्यात दुसरा खांब पहिल्यात मिसळतो आणि तिसरा दुसऱ्यात. म्हणून ४१ नंतर ४३, मग ४७, ५३, ६१. दर वेळी वाढ दोनाने वाढत जाते. शाळेतल्या पोरालाही जमेल. पण पोराला बॉयलर लागत नाही, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

त्या दिवशी ९७ पर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे १६ मिळवायचे. सात आणि सहा तेरा, तीन लिहून हातचा एक. नऊ आणि एक दहा, शून्य लिहून पुन्हा हातचा एक. यंत्राला हात नाही, त्यामुळे हातचा ठेवायला एक छोटी दांडी असते. चाक नवावरून शून्यावर गेलं की ती दांडी पडते, आणि बेरीज संपल्यावर वरचं चाक एक घर पुढे ढकललं जातं. हे एकामागून एक, खालून वर होतं. बघायला फार सुरेख दिसतं.

दशकाचं चाक शून्य आणि एकच्या मध्येच थांबलं. खाचेत शिरणारी पाचर शिरेना आणि यंत्र अडलं. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा अडून बसावं, अशीच त्याची रचना आहे. (हा गुण आमच्या साहेबांनी घ्यायला हरकत नव्हती.) हाताने फिरवताना अशी अडचण मनगटाला कळते. वाफेला मनगट नसतं. इंजिन ओढत राहिलं, पट्टा कप्पीवर किंचाळत घसरला, जळक्या चामड्याचा वास सुटला, आणि मी धावत जाऊन वाफ बंद केली.

चाकात फायरमनकाकांच्या तेल पुसायच्या चिंधीचा एक धागा निघाला. चिमट्याने काढायला दोन मिनिटं लागली. मग वाफ सोडली तर इंजिन हलेना.

"भाऊसाहेब, मेलं ते मध्यावर," काका म्हणाले. दट्ट्या, दांडा आणि भुजा एका रेषेत आल्या की वाफ कितीही रेटली तरी चाक फिरत नाही. सिलिंडर एकच, त्यामुळे दुसऱ्याने हात द्यायची सोय नाही. "आधी वाफ बंद करा. नाहीतर चाकासोबत तुम्हीही फिराल."

मी वाफ बंद केली, बाह्या सरसावल्या आणि माणसाहून उंच गतिपालक चाकाला लोंबकळलो. इकडे भट्टीला कोण सांगणार, की आज जरा थांब म्हणून? दाब चढत गेला, सुरक्षा झडप उडाली, आणि सगळं ऑफिस स्वयंपाकघरासारखं वाफाळलं. टेबलावरचे कागद पापडासारखे वळले. त्या धुक्यातून साहेबांचा आवाज आला, "अहो, एवढी बेरीज हाताने का नाही केली?"

"केली होती साहेब. ११३."

"मग यंत्राने काय दिलं?"

"अजून दिलं नाही."

"मग हातची कशी धरायची?"

अखेर चाक वीतभर सरकलं, काकांनी वाफ सोडली, खटके खालून वर चढत गेले आणि ठप्पा पडला : ११३. लगेच पुढचा फेरा, १८ मिळवून १३१. मी घाम पुसत कागद साहेबांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, कागद दूर धरला, जवळ धरला.

"११३ आणि १३१," साहेब म्हणाले. "शेवटचे दोन आकडे उलटे छापलेत. परत चालवा."